थांबायचं कधी, हे सांगणारा आकडा

आयसीयूच्या दाराशी ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या हातात हल्ली एक रिपोर्ट हमखास असतो. त्यावर ‘प्रोकॅल्सिटोनिन’ असं लांबलचक नाव असतं. डॉक्टर आणि नर्स त्याला नुसतं ‘पीसीटी’ म्हणतात. पुढे एक आकडा, शेजारी सामान्य मर्यादा आणि मर्यादा ओलांडली असेल तर ठळक खूण. ती खूण पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण हा आकडा नेमका कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे त्यांना फारसं कुणी समजावून सांगत नाही. तो एका प्रश्नाचं उत्तर बरं देतो आणि दुसऱ्याचं फार कच्चं देतो. अडचण अशी की आपण बहुतेक वेळा त्याला तो दुसराच प्रश्न विचारत असतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक रुग्ण घेऊ. हा रुग्ण मी रचलेला आहे, पण त्याचे आकडे वॉर्डात रोज दिसणाऱ्या आकड्यांसारखेच आहेत. सांगली जिल्ह्यातले एक ऊसकरी शेतकरी, वय ६२. त्यांना आपण तात्या म्हणू. सोमवारी संध्याकाळी सातला त्यांना हुडहुडी भरून ताप आला. रात्री दहाला दवाखान्यात आणलं तेव्हा धाप लागलेली, रक्तदाब वरचा ८६, छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग. न्युमोनियाचं निदान झालं. कल्चरसाठी रक्त घेतलं, लगेच शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू झालं. त्याच वेळी पीसीटीही पाठवला. तो आला ०.९. मंगळवारी सकाळी पुन्हा पाठवला तर १८.४.

मुलगा धावत डॉक्टरांकडे आला. “डॉक्टर, रात्री एकच्याही खाली होता, सकाळी अठरा झाला. म्हणजे औषध लागू पडत नाही ना? त्याहून मोठं काही असेल तर ते चालू करा.”

डॉक्टर म्हणाले, “दादा, हा आकडा वाढणारच होता. रात्री तो वर चढायला नुकता लागला होता. आता तो उतरतो कसा, ते बघायचं. खरं उत्तर गुरुवार-शुक्रवारी मिळेल.”

डॉक्टरांचं हे उत्तर कशावर उभं आहे, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

गळ्यातल्या ग्रंथीचं द्रव्य रक्तात येतं कुठून?

आपल्या गळ्यात थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातल्या काही खास पेशी कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक तयार करतात. हे संप्रेरक थेट तयार होत नाही. आधी ११६ अमिनो आम्लांची एक लांब साखळी विणली जाते. पेशीच्या आत ती कापली जाते आणि मधला छोटा तुकडा कॅल्सिटोनिन म्हणून बाहेर पडतो. ही न कापलेली मूळ साखळी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसात जवळजवळ सगळी साखळी थायरॉइडमध्येच कापली जाते, त्यामुळे रक्तात तिचं प्रमाण नगण्य असतं. एका मिलिलिटरला ०.०५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. यापुढे दिलेले पीसीटीचे सगळे आकडे याच मापात आहेत.

जिवाणूंचा मोठा हल्ला झाला की चित्र पालटतं. जिवाणूंच्या भिंतीतली विषं आणि त्यांना उत्तर म्हणून आपल्याच पेशींनी सोडलेले दाहाचे निरोपे, म्हणजे इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफसारखी रसायनं, शरीरभर पसरतात. मग यकृत, फुप्फुस, चरबी, स्नायू अशा ज्या पेशींचा एरवी या साखळीशी काही संबंध नसतो, त्याही ती विणू लागतात. पण ती कापण्याची यंत्रणा त्यांच्याकडे नाही. त्यामुळे साखळी अख्खीच्या अख्खी रक्तात येते. थायरॉइड काढून टाकलेल्या माणसातही गंभीर जंतुसंसर्गात पीसीटी वाढतो, तो याच कारणाने. विषाणूंच्या आजारात गॅमा इंटरफेरॉन नावाचा निरोप्या जोरात असतो आणि तो या विणकामाला लगाम घालतो. म्हणून फ्लूने अंग मोडून काढलं तरी पीसीटी बहुधा खालीच राहतो.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं १९९३ मध्ये. पॅरिसमधल्या संशोधकांनी संसर्गाचा संशय असलेल्या ७९ मुलांचं रक्त तपासलं आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. गंभीर जिवाणूसंसर्ग असलेल्या मुलांत पीसीटी ६ ते ५३ होता. संसर्ग नसलेल्या मुलांत तो ०.१ च्याही खाली होता. विषाणूचा आजार असलेल्या बहुतेक मुलांत तो जेमतेम १.५ पर्यंत गेला. जगाचं लक्ष या फरकाकडे गेलं. जिवाणू की विषाणू, हे सांगणारी चाचणी हाती लागली, असं वाटलं. त्याच लेखात आणखी एक नोंद होती, तिच्याकडे त्या मानाने उशिरा लक्ष गेलं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर त्या मुलांचा पीसीटी झपाट्याने उतरला होता. पुढच्या तीस वर्षांत या चाचणीचा खरा उपयोग त्या दुसऱ्या नोंदीतून निघाला.

दोन घड्याळं

कोणतीही अशी चाचणी वाचायची तर तिचं घड्याळ माहीत हवं. जिवाणूंची विषं रक्तात आल्यापासून साधारण तीन-चार तासांत पीसीटी चढू लागतो. बारा ते चोवीस तासांत तो शिखर गाठतो. चिथावणी थांबली की जवळपास दर चोवीस तासांनी निम्मा होतो. तात्यांना सातला हुडहुडी भरली आणि दहाला रक्त घेतलं. म्हणजे चढणीच्या अगदी पायथ्याशी. सकाळचा १८.४ हा शिखराजवळचा आकडा. मधल्या काळात आजार वीसपट वाढला, असा त्याचा अर्थ नाही. चाचणी आजाराच्या काही तास मागून चालते, इतकंच.

दुसरं घड्याळ सीआरपीचं. हे प्रथिन यकृतात बनतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना ते न्युमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्युमोनिया करणाऱ्या जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी ते चिकटतं, म्हणून त्याला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे नाव पडलं. चाचणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या लॅबमध्येही होते. पण सीआरपी उशिरा चढतो, शिखर गाठायला दीड ते दोन दिवस घेतो आणि जोवर दाह चालू आहे तोवर यकृत तो बनवत राहतं. दाह कशाचा, हे तो विचारत नाही. जंतू असोत, सांधेदुखीचा वात असो, ऑपरेशनची जखम असो, तो वाढतो.

तात्यांचे दोन्ही आकडे शेजारी मांडले की फरक दिसतो. पीसीटी मंगळवारी १८.४, बुधवारी ११.२, गुरुवारी ५.८, शुक्रवारी २.९. सीआरपी मात्र सोमवारी रात्री ४०, मंगळवारी २१०, बुधवारी २६०, गुरुवारी २१५ आणि शुक्रवारी १३०. सीआरपीची सामान्य मर्यादा साधारण ५ ते १० मिलिग्रॅम प्रति लिटर. तात्या बुधवारी सकाळी उठून बसले, रक्तदाब सावरला, चहा मागितला. त्या दिवशी सीआरपी सर्वांत वर होता. नुसता तोच पाहिला असता तर घरच्यांचा धीर सुटला असता.

पांढऱ्या पेशींची गोष्ट आणखी डळमळीत. जंतुसंसर्गात त्या वाढतात, पण स्टेरॉइड दिल्यावरही वाढतात, नुसत्या ताणानेही वाढतात आणि फार गंभीर सेप्सिसमध्ये उलट घसरतातही. लॅक्टेटची चाचणीही आयसीयूत वारंवार होते. पण ती शरीराच्या पेशींना रक्ताचा आणि प्राणवायूचा पुरवठा कसा होतोय, ते दाखवते. संसर्ग आहे की नाही, हा तिचा विषयच नाही.

सुरू करताना हा आकडा का फसवतो

आता पहिला प्रश्न. पीसीटी पाहून ठरवता येईल का, की या माणसाला जिवाणूसंसर्ग आहे, याला अँटिबायोटिक द्यायलाच हवं?

तात्यांचंच उदाहरण घ्या. रात्री दहाचा आकडा होता ०.९. तोच जर तासभर आधी घेतला असता तर ०.२ किंवा ०.३ आला असता. ‘आकडा कमी आहे, सकाळपर्यंत थांबू’ असं कुणी म्हटलं असतं तर रक्तदाब ढासळलेल्या रुग्णाचे मोलाचे तास गेले असते. वेळ हे पहिलं कारण. दुसरं कारण संसर्गाची जागा. जंतू एका कोपऱ्यात कोंडलेले असतील, म्हणजे गळू, हाडातला जंतुसंसर्ग किंवा हृदयाच्या झडपेवर हळूहळू वाढणारा संसर्ग, तर रक्तात पीसीटी फारसा वाढतही नाही. क्षयरोग हा तर जिवाणूंचाच आजार, आणि आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला. पण फुप्फुसाच्या क्षयात पीसीटी पुष्कळदा सामान्य किंवा किंचित वाढलेला असतो. त्या आकड्यावर विसंबून क्षय नाही असं म्हणता येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जिवाणू नसतानाही पीसीटी वाढतो. मोठं ऑपरेशन, मोठा अपघात, भाजणं, हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणं, यात ऊतींची नासधूस होते आणि पीसीटी वर जातो. नवजात बाळात जन्मानंतरचे पहिले दोन दिवस तो नैसर्गिकच जास्त असतो. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णात तो कायमच थोडा चढा राहतो. थायरॉइडच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्येही तो वाढतो. आणि पावसाळ्यात आपल्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकतो तो मलेरिया. फाल्सिपेरम मलेरिया जिवाणूंचा आजार नाही, तो परजीवीचा आहे. तरी गंभीर रुग्णात पीसीटी सेप्सिसइतकाच वर जाऊ शकतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये तापाने फणफणलेला रुग्ण आला तर लेप्टोस्पायरोसिस आणि मलेरिया दोन्ही मनात असावे लागतात. लेप्टोला अँटिबायोटिक लागतं, मलेरियाला मलेरियाचं औषध. दोन्हींत पीसीटी वाढलेला असू शकतो. अशा वेळी काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब पीसीटीपेक्षा जास्त सांगून जातो.

चाचण्यांच्या मोठ्या प्रयोगांनीही हेच दाखवलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १४ रुग्णालयांत १,६५६ रुग्णांवर केलेल्या ‘प्रोॲक्ट’ या प्रयोगाचे निष्कर्ष आले. छातीच्या संसर्गाचा संशय घेऊन तातडीच्या विभागात आलेल्या निम्म्या रुग्णांच्या डॉक्टरांना पीसीटीचा आकडा आणि त्याचा अर्थ सांगितला होता, उरलेल्यांच्या डॉक्टरांना नाही. पहिल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतल्याचे दिवस एका गटात सरासरी ४.२, दुसऱ्यात ४.३. फरक पडलाच नाही. म्हणूनच सेप्सिसच्या उपचारांसाठी २०२१ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही, हे ठरवताना डॉक्टरांच्या तपासणीत पीसीटीची भर घालू नये.

तात्यांच्या मुलाच्या मनात आलेला प्रश्न, म्हणजे आकडा वाढला की औषध मोठं करावं का, याचंही उत्तर मिळालेलं आहे. डेन्मार्कमध्ये आयसीयूतल्या १,२०० रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीसीटी पुरेसा उतरला नाही की आणखी व्यापक अँटिबायोटिक जोडायची आणि तपासण्या वाढवायच्या, असा नियम होता. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट जास्त अँटिबायोटिक दिली गेली आणि आयसीयूतला मुक्काम लांबला. आकड्याच्या मागे धावत औषध वाढवलं तर रुग्णाचं भलं होत नाही, हा धडा तिथे मिळाला.

थांबवताना तो का उपयोगी पडतो

दुसरा प्रश्न वेगळा आहे. संसर्ग होता हे ठरलंय, अँटिबायोटिक सुरू आहे, रुग्ण सुधारतोय. आता औषध किती दिवस द्यायचं? पिढ्यान्‌पिढ्या याचं उत्तर सवयीने दिलं गेलं. सात दिवस, दहा दिवस, चौदा दिवस. या आकड्यांचा पाया आठवड्याच्या वारांइतकाच पक्का आहे. प्रत्येक जादा दिवस काही तरी घेऊन जातो. आतड्यातले चांगले जंतू मरतात, काहींना त्यातून आतड्याचा गंभीर जुलाब लागतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात.

इथे पीसीटीचे दोष आड येत नाहीत. सुरुवातीला त्याची तुलना दुसऱ्या माणसांशी होत होती. आता ती त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशी होते. मूत्रपिंडामुळे किंवा ऑपरेशनमुळे आकडा मुळात चढा असला तरी उतार दिसतोच.

नियम साधा आहे. शिखराच्या आकड्यापासून पीसीटी ८० टक्क्यांनी उतरला, किंवा तो ०.५ किंवा त्याहून खाली आला, आणि रुग्ण स्थिर असेल, तर अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार करावा. ८० टक्के उतार म्हणजे पाचवा हिस्सा उरणं. दर चोवीस तासांनी निम्मा होणारा पदार्थ पाचव्या हिश्श्यावर यायला सव्वादोन ते अडीच दिवस लागतात. प्रत्यक्षात विणकाम एका झटक्यात थांबत नाही, म्हणून तीन-चार दिवस धरावे लागतात.

तात्यांचा हिशेब करू. शिखर १८.४. त्याचा पाचवा हिस्सा ३.७ च्या जवळपास. गुरुवारी आकडा ५.८ होता, म्हणजे ६८ टक्के उतार. अजून थांबायचं. शुक्रवारी २.९ आला, म्हणजे ८४ टक्के उतार. ०.५ च्या तो बराच वर आहे, पण नियम ‘किंवा’ म्हणतो. डॉक्टरांनी आकड्यासोबत बाकीचं पाहिलं. ताप बुधवारपासून नाही. प्राणवायूची नळी निघालेली. जेवण सुरू. रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. शुक्रवारच्या डोसनंतर अँटिबायोटिक बंद झालं, पाच दिवसांत. सीआरपी त्या दिवशी १३० होता आणि एक्स-रेतला डागही दिसत होता. एक्स-रे साफ व्हायला काही आठवडे लागतात. या दोन्हींची वाट पाहिली असती तर तात्यांना विनाकारण आणखी आठवडाभर सुया टोचून घ्याव्या लागल्या असत्या.

या नियमाची सर्वांत गाजलेली परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॅप्स’ प्रयोगात तिथल्या १५ आयसीयूंमधले पंधराशेहून अधिक रुग्ण होते. पीसीटीच्या गटात अँटिबायोटिकचा मध्यम कालावधी ५ दिवस होता, नेहमीच्या गटात ७. औषध लवकर थांबवल्याने मृत्यू वाढतील अशी भीती होती. २८ दिवसांत पीसीटी गटात १९.६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात २५ टक्के. म्हणजे भीती खोटी ठरली. पण हा प्रयोग चाचणीचे संच विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाला होता, आणि कुणाला कोणत्या गटात घातलंय, हे डॉक्टरांना माहीत होतं. म्हणून मृत्यू घटल्याचा भाग जरा हात राखूनच घ्यायला हवा.

त्यानंतर ब्रिटनने सरकारी पैशातून ‘अडॅप्ट-सेप्सिस’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ च्या डिसेंबरमध्ये आले. ४१ आयसीयू, २,७६० रुग्ण आणि तीन गट: पीसीटी, सीआरपी आणि नेहमीचे उपचार. या प्रयोगाची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. डॉक्टरांना आकडा दाखवलाच नाही. रोज रक्त घेतलं जायचं आणि आकड्यावरून ठरलेला सल्ला, थांबवा किंवा चालू ठेवा, एवढाच त्यांना मिळायचा. नेहमीच्या गटात अँटिबायोटिक सरासरी १०.७ दिवस चाललं, पीसीटी गटात ९.८ दिवस. सीआरपीने दिवस कमी झाले नाहीत. २८ दिवसांतले मृत्यू पीसीटी गटात २०.९ टक्के आणि नेहमीच्या गटात १९.४ टक्के. हा फरक आधी ठरवलेल्या सुरक्षिततेच्या मर्यादेत बसला. म्हणजे पीसीटीचा सल्ला मानणं सुरक्षित ठरलं, पण त्यातून वाचला तो एक दिवसाहूनही कमी काळ.

फायदा सगळीकडे सारखा नसतो, हे या दोन प्रयोगांतून दिसतं. तो आपण कुठून निघालो, यावरही अवलंबून असू शकतो. जिथे डॉक्टर आधीच पाच-सात दिवसांत औषध थांबवतात, तिथे पीसीटीला कमी करायला फारसं उरत नाही. जिथे चौदा दिवसांची सवय घट्ट आहे, तिथे तो डॉक्टरांना आणि नातेवाइकांना थांबण्याचा धीर देऊ शकतो. स्वतः शिस्त असेल तर चाचणीशिवायही दिवस कमी होतात.

उतार अडला तर

तात्यांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्याही उदाहरणातल्याच. अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालेलं. पीसीटी पहिल्या दिवशी २२, मग १४, मग ११. तिथून पुढे ११.५ आणि १२. ऑपरेशनच्या धक्क्याने चढलेला पीसीटी दोन-तीन दिवसांत उतरायला हवा होता. इथे तो उतरता उतरता अडला. बारीक तापही येत होता.

डॅनिश प्रयोगातल्यासारखं अँटिबायोटिक वाढवणं हा सोपा मार्ग होता. डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला. यकृताच्या वर, पडद्याखाली पू साठलेला होता. सुई आणि नळी घालून तो काढला. दोन दिवसांत पीसीटी ४ वर आला. अँटिबायोटिक तेच होतं. फरक पडला तो पू बाहेर आल्याने. अडलेला पीसीटी ‘औषध बदला’ असं सांगत नाही. ‘जंतूंचा अड्डा कुठे तरी शिल्लक आहे का, शोधा’ असं तो सुचवतो. कधी तो अड्डा पोटातला पू असतो, कधी छातीच्या आवरणातला, कधी शिरेत घातलेली नळी.

थांबवण्याच्या नियमालाही हद्दी आहेत. एक चूक वारंवार होते. शिखर न पकडता पहिलाच आकडा आधाराला धरला जातो. तात्यांचा सोमवार रात्रीचा ०.९ आधार मानला असता तर ८० टक्के उतारासाठी ०.१८ ची वाट पाहावी लागली असती आणि औषध उगाच लांबलं असतं. म्हणून पहिल्या चोवीस तासांत दुसरा नमुना घेणं महत्त्वाचं. एकदाच केलेला पीसीटी थांबवण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी असतो.

दुसरी हद्द आजारांची. हृदयाच्या झडपेचा संसर्ग, हाडांचा संसर्ग, रक्तात पसरलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू, क्षयरोग. इथे उपचार आठवड्यांचे आणि महिन्यांचे असतात. दाह शमल्यावरही जंतू कानाकोपऱ्यात दडून राहतात, आणि पीसीटी दाहाचा हिशेब ठेवतो, उरलेल्या जंतूंचा नाही. या आजारांत आकडा उतरला म्हणून औषध थांबवलं तर आजार उलटतो. केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्णही या प्रयोगांत बहुधा नव्हते. त्यांच्यावर हा नियम आंधळेपणाने लावता येत नाही.

आयसीयूबाहेरची गोष्ट थोडी निराळी. दवाखान्याच्या ओपीडीत खोकला-तापाचा रुग्ण येतो, त्याला पीसीटीसारखी महागडी चाचणी कुणी करत नाही. तिथे बोटाच्या टोकातल्या थेंबावर काही मिनिटांत होणारा सीआरपी थोडी मदत करू शकतो. व्हिएतनाममध्ये हनोईच्या आसपासच्या आरोग्य केंद्रांत दोन हजारांवर रुग्णांवर हा प्रयोग झाला. सीआरपी पाहून ठरवलेल्या गटात पहिल्या दोन आठवड्यांत ६४ टक्के लोकांनी अँटिबायोटिक घेतलं, दुसऱ्या गटात ७८ टक्के लोकांनी. घट झाली, पण सीआरपी अगदी कमी असतानाही पुष्कळांना गोळी मिळालीच. आकडा शंभर वेळा बरोबर असला तरी लिहिणाऱ्याची सवय आणि मागणाऱ्याचा हट्ट तो एकटा मोडू शकत नाही.

घरच्यांनी काय विचारावं

आयसीयूबाहेर तुमच्या हातात हा रिपोर्ट आला तर ठळक खूण पाहून घाबरू नका आणि सामान्य आकडा पाहून निर्धास्तही होऊ नका. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. आजार सुरू झाल्यापासून किती तासांनी हे रक्त घेतलंय? आणि शिखरापासून आकडा किती उतरलाय? तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘आता औषध थांबवता येईल का?’ हेही विचारायला संकोच करू नका. औषध वाढवा, असं सांगणारे नातेवाईक पुष्कळ असतात, थांबवता येईल का, असं विचारणारे थोडे. आणि मनाशी एक पक्कं ठेवा: रिपोर्ट वाचून घरी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक बंद करू नका. तात्यांचं औषध शुक्रवारी थांबलं, त्यात २.९ या आकड्याचा वाटा होता, आणि बुधवारपासून न आलेल्या तापाचा, सावरलेल्या रक्तदाबाचा, मोकळ्या श्वासाचा आणि खाटेशी उभं राहून हे सगळं पाहणाऱ्या डॉक्टरांचा वाटा त्याहून मोठा होता.